धागा : वर्गातील संपादन चाचणीच्या पद विश्लेषणाचा अहवाल कसा लिहावा?

पाटीपेन्सिल

नमस्कार. गती आणि गुरुत्वाकर्षण या दोन प्रकरणांवर मी २५ बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी घेतली. प्रत्येक प्रश्नाला एक गुण, वेळ ३५ मिनिटे आणि विद्यार्थी ४०. पद विश्लेषण करून त्याचा एक पानी अहवाल विषय समितीला द्यायचा आहे. आकडेमोड झाली आहे, पण त्या आकड्यांवरून नेमके काय म्हणता येते याबद्दल मनात शंका आहे.

वर्गाची सरासरी १६.४, प्रमाण विचलन ४.१ आणि कुडर-रिचर्डसन २० सूत्राने विश्वसनीयता ०.७६ आली. भेदन मूल्यासाठी गुणानुक्रमे वरचे ११ आणि खालचे ११ विद्यार्थी घेतले. बहुतेक प्रश्नांचे भेदन मूल्य ०.३० ते ०.५५ या दरम्यान आहे. पुढील चार प्रश्नांनी मात्र मला अडवले आहे.

प्रश्न ३ : काठिण्य मूल्य ०.९५, भेदन मूल्य ०.१८.
प्रश्न ९ : काठिण्य मूल्य ०.६०, भेदन मूल्य ०.१८. (वरच्या गटातील ७ आणि खालच्या गटातील ५ बरोबर.)
प्रश्न १४ : काठिण्य मूल्य ०.४०, भेदन मूल्य उणे ०.२७. (वरच्या गटातील ३ आणि खालच्या गटातील ६ बरोबर.)
प्रश्न २५ : काठिण्य मूल्य ०.६४, भेदन मूल्य ०.५५. (वरच्या गटातील ८ आणि खालच्या गटातील २ बरोबर.)

३, ९ आणि १४ हे प्रश्न वगळून विश्वसनीयता पुन्हा काढावी आणि २५ वा प्रश्न सर्वोत्तम म्हणून नोंदवावा, असा माझा विचार आहे. हे योग्य ठरेल का?

प्रश्नपेढी

आपला विचार अगदी योग्य आहे. एबेल यांच्या तक्त्यानुसार ०.४० आणि त्याहून अधिक भेदन मूल्य असलेला प्रश्न उत्तम, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ सुधारण्याजोगा आणि ०.१९ पर्यंतचा टाकाऊ समजला जातो. आम्ही प्रश्नपेढी तयार करताना हाच निकष लावतो आणि अहवालात प्रत्येक प्रश्नापुढे ‘स्वीकृत’, ‘सुधारणीय’ किंवा ‘अस्वीकृत’ असा शेरा देतो. त्यामुळे ३, ९ आणि १४ हे तिन्ही प्रश्न अस्वीकृत ठरतात. शिवाय ०.९५ इतका सोपा प्रश्न चाचणीत मुळात नसावाच, कारण काठिण्य मूल्य ०.५० च्या जवळ असेल तरच प्रश्न विद्यार्थ्यांमध्ये फरक करू शकतो.

जुना परीक्षक

प्रश्नपेढी यांनी तक्ता बरोबर सांगितला आहे, आणि मधल्या काठिण्याच्या प्रश्नालाच भेदनासाठी सर्वाधिक वाव असतो हेही खरे आहे. तथापि या तीन प्रश्नांना एकाच शेऱ्यात गुंडाळले तर अहवाल चुकीचा होईल, कारण तिघांचे भेदन मूल्य कमी येण्याची कारणे वेगवेगळी आहेत. चौथ्या प्रश्नाबद्दल तर मला निराळीच शंका आहे, ती शेवटी सांगतो.

प्रथम ३ रा प्रश्न पाहू. काठिण्य मूल्य ०.९५ याचा अर्थ ४० पैकी ३८ जणांचे उत्तर बरोबर आले. (या मूल्याचे नाव उलटे आहे, कारण ते जितके मोठे तितका प्रश्न सोपा. अहवालाच्या पहिल्याच ओळीत हे लिहावे, नाहीतर समितीतील निम्मे लोक उलटा अर्थ घेतील.) चुकलेले दोघेही खालच्या गटात आहेत असे धरले, तर वरच्या गटात ११ आणि खालच्या गटात ९ जण बरोबर होतात, म्हणजे फरक २ भागिले ११, अर्थात ०.१८. याचा अर्थ असा की, इतक्या सोप्या प्रश्नाला जास्तीत जास्त जेवढे भेदन मूल्य मिळू शकते तेवढे या प्रश्नाने मिळवले आहे. ज्या गोष्टीवर आपण दोन आठवडे शिकवले ती ३८ मुलांना येते, ही माहिती शिक्षकाला हवीच असते. वर्गातील संपादन चाचणीचे काम केवळ मुलांची क्रमवारी लावणे एवढेच नसते. हा प्रश्न ठेवा.

९ व्या प्रश्नात वरच्या गटातील ७ आणि खालच्या गटातील ५ जण बरोबर आहेत. वरच्या गटातील आणखी एकाचे उत्तर बरोबर आले असते आणि खालच्या गटातील एकाचे चुकले असते, तर हेच मूल्य ८ वजा ४ भागिले ११, म्हणजे ०.३६ झाले असते. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर ‘टाकाऊ’ आणि ‘चांगला’ यांतला फरक ठरत असेल, तर तो शेरा द्यायचाच कशाला? प्रत्येकी ११ जणांच्या गटात एक विद्यार्थी सरकला की भेदन मूल्य ०.०९ ने बदलते, आणि अशा मूल्याची प्रमाण त्रुटी साधारण ०.२ असते. म्हणून या प्रश्नाबद्दल ‘या वर्गात भेदन कमी दिसले, विद्यार्थीसंख्या पाहता निष्कर्ष काढता येत नाही, पुढील वर्षी पुन्हा तपासावे’ एवढेच लिहावे.

१४ वा प्रश्न मात्र खरोखर काही तरी सांगतो आहे. तो प्रश्न, त्याचे पर्याय आणि कोणत्या गटातील किती जणांनी कोणता पर्याय निवडला हे येथे द्याल का?

शब्दमर्यादा

मध्येच लिहितो आहे, क्षमस्व. मी भाषा शिकवतो आणि माझ्या चाचणीत पाच-पाच गुणांचे सहा वर्णनात्मक प्रश्न होते. वर दिलेले सूत्र वापरून मीही विश्वसनीयता काढली, तर उत्तर १ पेक्षा मोठे आले. विश्वसनीयता १ पेक्षा मोठी येणे म्हणजे माझी चाचणी अवैध आहे असे समजावे का?

जुना परीक्षक

शब्दमर्यादा, विश्वसनीयता आणि वैधता या भिन्न गोष्टी आहेत, आणि तुमच्या बाबतीत अडचण या दोन्हींच्या आधीची आहे. कुडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये मांडलेले विसावे सूत्र बरोबर किंवा चूक, म्हणजे १ किंवा ०, असे गुण असलेल्या प्रश्नांसाठीच आहे. त्यात प्रत्येक प्रश्नाचा व्हेरियन्स ‘बरोबर प्रमाण गुणिले चूक प्रमाण’ असा काढतात. तुमच्या प्रश्नाची सरासरी ३.२ आली आणि तीच त्या जागी भरली, तर ३.२ गुणिले (१ वजा ३.२) हे उणेच येणार, त्यामुळे विश्वसनीयता १ च्या वर जाणार आणि पुढचे सारे आकडे निरर्थक होणार. प्रत्येक प्रश्नाच्या गुणांचा नेहमीच्या पद्धतीने व्हेरियन्स काढून क्रॉनबाख अल्फा वापरा. कुडर-रिचर्डसन २० हे त्याचेच शून्य-एक गुणांसाठीचे रूप आहे. वर्णनात्मक उत्तरांत दोन परीक्षक एकाच उत्तराला किती सारखे गुण देतात, हाही प्रश्न असतो, आणि तो अल्फाने कळत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढलात तर बरे होईल.

पाटीपेन्सिल

१४ वा प्रश्न असा होता : ‘सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूला असताना त्याचे त्वरण किती असते?’ पर्याय : (अ) शून्य, (ब) ९.८ मी./से.² वरच्या दिशेने, (क) ९.८ मी./से.² खालच्या दिशेने, (ड) ४.९ मी./से.² खालच्या दिशेने.

वरच्या गटात अ ३, क ८. मधल्या १८ जणांत अ ७, ब २, क ८, ड १. खालच्या गटात अ ६, ब १, क ३, ड १.

हे टंकित करतानाच माझ्या लक्षात आले, आणि लिहिताना संकोच वाटतो आहे. उत्तरसूचीत (अ) आहे. पहिल्या मसुद्यात बरोबर उत्तर पहिल्या क्रमांकावर होते. नंतर मी पर्यायांचा क्रम बदलला, पण उत्तरसूची बदलायची राहून गेली. बरोबर उत्तर अर्थातच (क) आहे.

जुना परीक्षक

संकोच नको. उत्तरसूचीतील चूक पकडणे हा वर्गपातळीवरील पद विश्लेषणाचा बहुधा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग आहे. खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : भेदन मूल्य ठळकपणे उणे येते आणि त्याच वेळी एखादा ‘चुकीचा’ पर्याय वरच्या गटाला खालच्या गटापेक्षा कितीतरी अधिक ओढतो. (क) हे उत्तर धरले तर भेदन मूल्य ८ वजा ३ भागिले ११, म्हणजे ०.४५ होते. प्रश्न मुळीच वाईट नव्हता. उलट (अ) हा उत्तम विकर्षक आहे, कारण वेग शून्य झाला म्हणजे त्वरणही शून्य झाले हा सर्रास आढळणारा गैरसमज त्याने नेमका पकडला.

प्रश्नाची भाषाच संदिग्ध असती तर चित्र बहुधा निराळे दिसले असते. वरचा गट दोन पर्यायांत जवळजवळ सारखा विभागला गेला असता. तेव्हा उत्तरसूची बदलून भागत नाही, प्रश्नच पुन्हा लिहावा लागतो.

आता सूची दुरुस्त करून सर्व ४० जणांचे एकूण गुण पुन्हा काढा आणि गटही पुन्हा पाडा, कारण वरचे-खालचे ११ कोण हे आता बदलेल.

२५ व्या प्रश्नाबद्दलची माझी शंका अशी. वरच्या आणि खालच्या गटात मिळून २२ पैकी १० जण बरोबर आहेत, म्हणजे सुमारे ०.४५. दोन टोकांच्या गटांची ही सरासरी साधारणपणे संपूर्ण वर्गाच्या काठिण्य मूल्याच्या जवळ असते. तुमच्या ९ व्या प्रश्नात ती ०.५५ आहे आणि काठिण्य मूल्य ०.६०, हे जुळते. २५ व्या प्रश्नात मात्र तुम्ही ०.६४ लिहिले आहे. मधला गट वरच्या गटाहूनही हुशार निघाल्याखेरीज असे होणे कठीण. हा प्रश्न किती जणांनी कोरा सोडला?

तक्ताकार

आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये केली असेल तर कारण मी सांगू शकतो. उत्तर कोरे असताना तो कप्पा रिकामा ठेवला, तर `AVERAGE` त्या विद्यार्थ्याला मोजतच नाही आणि भागाकार ४० ऐवजी कमी संख्येने होतो. `SUM` ला मात्र रिकाम्या कप्प्याने फरक पडत नाही, त्यामुळे एकूण गुण बरोबर येतात आणि चूक लपून राहते. आधी रिकाम्या जागी ० भरा. विद्यार्थी २ ते ४१ या ओळींत, प्रश्न B ते Z या स्तंभांत आणि एकूण गुण AA मध्ये असतील, तर गूगल शीट्समध्ये हे पुरते :

```
B43: =AVERAGE(B2:B41)
B44: =ARRAYFORMULA(CORREL(B2:B41,$AA$2:$AA$41-B2:B41))
B45: =B43*(1-B43)
AB2: =25/24*(1-SUM(B45:Z45)/VAR.P(AA2:AA41))
```

पहिल्या तीन ओळी Z पर्यंत ओढून घ्या. दुसरी ओळ प्रश्नाचा उरलेल्या २४ प्रश्नांच्या बेरजेशी सहसंबंध देते. शेवटच्या ओळीत `VAR.S` नको, `VAR.P` हवे, कारण प्रश्नांचे व्हेरियन्सही ४० नेच भागून आलेले आहेत.

पाटीपेन्सिल

तक्ताकार, अगदी तसेच झाले होते. २५ वा प्रश्न १२ जणांनी कोरा सोडला होता : खालच्या गटातील ८, मधले ३ आणि वरच्या गटातील १. बरोबर उत्तरे १८. मी १८ भागिले २८ केले होते, खरे काठिण्य मूल्य १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ आहे.

पण मग भेदन मूल्य तर ०.५५ च राहते. प्रश्न चांगला ठरला ना?

जुना परीक्षक

ज्यांनी तो सोडवला त्यांच्यापुरते पाहा. वरच्या गटात १० पैकी ८ बरोबर. खालच्या गटात केवळ ३ जण तेथवर पोहोचले आणि त्यांतील २ जणांचे बरोबर आले. म्हणजे खालच्या गटातील मुलांना हा प्रश्न येत नव्हता असे आपल्याला ठाऊकच नाही. त्यांचा वेळ संपला एवढेच ठाऊक आहे. ०.५५ हे भेदन आकलनाचे कमी आणि वेगाचे अधिक असावे. शेवटच्या दोन-तीन प्रश्नांत एकच मुले कोरी राहत असतील तर ते प्रश्न एकमेकांशी कृत्रिमरीत्या जुळतात आणि विश्वसनीयता गुणांकही थोडा फुगतो. अहवालात ‘सर्वोत्तम प्रश्न’ असे लिहू नका. ‘१२ जणांनी कोरा सोडला, वेळ अपुरा पडला असण्याची शक्यता’ असे लिहा.

प्रश्नपेढी

३ ऱ्या प्रश्नाविषयीचे म्हणणे मला पटले. पण २७ टक्क्यांच्या गटांची पद्धत केली यांनी १९३९ मध्येच सिद्ध केलेली आहे आणि ती सर्वमान्य आहे. तिला सोडून सहसंबंध कशासाठी काढायचा? समितीला ‘वरचे ११, खालचे ११’ हे समजते, सहसंबंध समजत नाही.

जुना परीक्षक

केली यांनी दाखवले ते असे की, गुणांचे वितरण प्रसामान्य असेल तर टोकांचे २७ टक्के घेतल्याने गट एकमेकांपासून दूर राहणे आणि गटात पुरेसे विद्यार्थी असणे या दोन गोष्टींचा सर्वांत चांगला तोल साधतो. हाताने उत्तरपत्रिकांच्या चळती लावण्याच्या काळात ती पद्धत मोलाची होती. ४० विद्यार्थ्यांत मात्र आपण मधल्या १८ जणांची माहिती टाकून देतो, आणि आधीच तुटपुंजी असलेली माहिती टाकणे मला पटत नाही.

सहसंबंध काढताना तो प्रश्न स्वतः एकूण गुणांत धरलेला नसावा, एवढी काळजी घ्यावी. नाहीतर प्रश्नाचा काही अंशी स्वतःशीच सहसंबंध मोजला जातो आणि २५ प्रश्नांच्या चाचणीत तो फुगवटा जाणवण्याइतका असतो.

समितीला गट समजतात हा मुद्दा मात्र मी मान्य करतो. म्हणूनच मी सहसंबंधाचा आकडा देतो आणि शेजारी दोन गटांतील प्रत्यक्ष विद्यार्थीसंख्या देतो. ‘११ पैकी ७ आणि ११ पैकी ५’ हे वाचले की किती थोड्या मुलांवरून आपण बोलतो आहोत हे वाचणाऱ्याला आपोआप कळते.

प्रश्नपेढी

मला अजूनही वाटते की शेरा नसलेला अहवाल समिती परत पाठवील. असो.

पाटीपेन्सिल

सूची दुरुस्त केली, कोऱ्या जागी ० भरले आणि सारे पुन्हा काढले. सरासरी १६.५. व्हेरियन्स १६.८ होता तो २०.१ झाला, म्हणजे प्रमाण विचलन ४.५. प्रश्नांच्या व्हेरियन्सची बेरीज ४.६५. विश्वसनीयता ०.७६ वरून ०.८० वर गेली. १४ व्या प्रश्नाचा एकूण गुणांशी सहसंबंध ०.५४ आणि उरलेल्या २४ प्रश्नांशी ०.४५ आला. नव्या गटांत त्यात वरचे ९ आणि खालचे २ बरोबर आहेत, म्हणजे भेदन मूल्य ०.६४. एकही प्रश्न वगळलेला नाही.

मग ‘चाचणी विश्वसनीय आहे’ असे लिहू का? कोणी तरी म्हणाले की ०.९० हवे.

जुना परीक्षक

विश्वसनीयता हा छापलेल्या प्रश्नपत्रिकेचा कायमचा गुणधर्म नाही. ती त्या वर्गाच्या त्या दिवशीच्या गुणांची असते. हीच प्रश्नपत्रिका सगळी मुले सारख्याच तयारीची असलेल्या वर्गाला दिली तर गुणांक खाली येईल, आणि दोन अतिशय भिन्न तुकड्या एकत्र मोजल्या तर तो वर जाईल, प्रश्न मात्र तेच असतील. म्हणून ‘या ४० विद्यार्थ्यांच्या गुणांची अंतर्गत सुसंगती ०.८०’ असे लिहा. स्पिअरमन-ब्राउन सूत्राने पाहिले तर ०.८० वरून ०.९० वर जायला चाचणी सव्वादोनपट, म्हणजे सुमारे ५६ प्रश्नांची करावी लागेल. २५ प्रश्नांतच काहींचा वेळ संपला, तेव्हा एका घटक चाचणीकडून ती अपेक्षा मी करणार नाही.

एक गोष्ट तुमच्या आकड्यांत सुंदर दिसते. मापनाची प्रमाण त्रुटी काढा : व्हेरियन्स गुणिले (१ वजा विश्वसनीयता), त्याचे वर्गमूळ. दुरुस्तीपूर्वी ती २.०३ होती, आता २.०० आहे. गुणांक ०.७६ वरून ०.८० झाला, पण एका विद्यार्थ्याच्या गुणांतील अनिश्चितता जवळपास जिथल्या तिथे राहिली, कारण गुणांक वाढला तो मुख्यतः मुलांमधील अंतर रुंदावल्यामुळे. समितीला उपयोगी पडेल असा आकडा हाच आहे : १६ गुण मिळवणाऱ्या मुलाचे खरे गुण ढोबळमानाने १४ ते १८ या दरम्यान असावेत, आणि तेही दर तीन मुलांपैकी दोघांच्याच बाबतीत धरता येते. १६ आणि १७ गुणांच्या मुलांत फरक करणारा निर्णय या चाचणीवर घेऊ नये.

कमी भेदनाचे प्रश्न वगळून वाढलेला गुणांक दाखवण्याचा मोह होतो, तो टाळावा. ज्या उत्तरांवरून प्रश्न निवडले त्याच उत्तरांवरून गुणांक काढला, तर योगायोगाने चांगले दिसलेले प्रश्नच मागे राहतात आणि पुढच्या वर्गात तो आकडा टिकत नाही.

पाटीपेन्सिल

अहवालाचा मुख्य परिच्छेद असा लिहिला आहे :

‘४० विद्यार्थी, २५ प्रश्न. सरासरी १६.५, प्रमाण विचलन ४.५. काठिण्य मूल्य म्हणजे सर्व ४० जणांपैकी बरोबर उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण. कोरी उत्तरे चूक धरली आहेत. भेदनासाठी प्रश्नाचा उरलेल्या २४ प्रश्नांच्या गुणांशी सहसंबंध घेतला असून शेजारी वरच्या व खालच्या ११ जणांतील बरोबर उत्तरांची संख्या दिली आहे. या गुणांची विश्वसनीयता (कुडर-रिचर्डसन २०) ०.८०, मापनाची प्रमाण त्रुटी २ गुण. प्रश्न १४ ची उत्तरसूची प्रथम विश्लेषणानंतर दुरुस्त केली. दुरुस्तीपूर्वी विश्वसनीयता ०.७६ होती. प्रश्न २५ हा १२ जणांनी कोरा सोडल्याने त्याच्या मूल्यांचा अर्थ जपून लावावा. एकही प्रश्न वगळलेला नाही.’

आता उरलेली अडचण सांख्यिकीची नाही. उत्तरसूची दुरुस्त केल्याने १९ जणांना एक गुण मिळतो, पण १६ जणांचा एक गुण जातो, आणि त्यांना आधीचे गुण कळवून झाले आहेत.

शब्दमर्यादा

चूक त्यांची नसताना गुण काढून घेणे मला योग्य वाटत नाही. (अ) आणि (क) दोन्हींना गुण द्यावेत.

प्रश्नपेढी

मग ४० पैकी ३५ जण बरोबर ठरतील आणि गैरसमज असलेल्या मुलालाही तो बरोबर असल्याचे सांगितल्यासारखे होईल. प्रश्न रद्द करून चाचणी २४ गुणांची करावी.

जुना परीक्षक

रद्द केल्यास ज्या १९ जणांना खरोखर आले त्यांचे नुकसान होते, आणि तसेही १६ जणांचा गुण जातोच. विश्लेषण आणि अहवाल दुरुस्त सूचीवरच राहू द्या, यात तडजोड नको. गुणपत्रिकेत काय करायचे ते विश्लेषणाचे आकडे सांगू शकत नाहीत. मी असतो तर सूची दुरुस्त केली असती आणि त्या १६ जणांना समोर बसवून चेंडूचा प्रश्न पुन्हा सोडवून घेतला असता. पण आधी कळवलेला गुण कमी करावा की नाही, यावर आमच्या विभागातही कधी एकमत झालेले नाही.

पाटीपेन्सिल

समितीची बैठक सोमवारी आहे. अहवाल असाच ठेवते आहे, १४ व्या प्रश्नाच्या गुणांचा निर्णय मात्र समितीपुढे स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडते. काय ठरले ते येथे कळवीन.